पत्र्याची कड आणि मिरचीचा ठसका: शेजारच्या भांडणात अतिक्रमण कोणतं, उपद्रव कोणता?

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या सोसायट्यांमध्ये दोन गोष्टी हमखास होतात. बाजूच्या मोकळ्या जागेवर पत्रे चढतात आणि शेजारी-शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात. मग कुणीतरी पोलीस चौकीत जातं, तिथे 'हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा' असं ऐकून परत येतं. कोर्टात जाऊन नेमकं सांगायचं काय, हे मात्र कुणीच सांगत नाही. 'शेजारी त्रास देतात' हे वाक्य घरात पुरतं, दाव्याच्या कागदावर पुरत नाही. त्रास कुठल्या जातीचा आहे, यावर काय सिद्ध करायचं, कुणी करायचं आणि शेवटी हातात काय पडणार, हे सगळं ठरतं.

शेजाऱ्यांच्या बाबतीत या जाती मुख्यतः दोन: अतिक्रमण आणि उपद्रव. वकील मंडळी त्यांना ट्रेसपास आणि न्यूइसन्स म्हणतात. दोन्ही 'अपकृत्य' या सदरात मोडतात. करार मोडलेला नाही, बऱ्याचदा गुन्हाही घडलेला नाही, पण एकाच्या वागण्याने दुसऱ्याच्या हक्काला बाधा आली आणि त्यासाठी दिवाणी न्यायालयात भरपाई किंवा मनाई मागता येते, अशा वागण्याला अपकृत्य म्हणतात. आपल्याकडे त्याचा एक असा कायदा छापलेला नाही. तो न्यायालयांच्या निकालांतून घडत गेला आहे आणि त्यातले बरेच जुने निकाल इंग्लंडमधले आहेत. म्हणून पुढे सहकारनगरच्या भांडणात मधूनच लंडन आलं तर दचकू नका. आणखी एक खुलासा. आपण रोज पेपरात वाचतो ते 'अतिक्रमण' महापालिकेच्या कारवाईतलं, फुटपाथवरच्या टपऱ्यांचं असतं. इथलं अतिक्रमण दोन खासगी माणसांमधलं आहे.

## दोन बंगले, एक भिंत

एक काल्पनिक भांडण घेऊ. सहकारनगरमध्ये दोन जुने बंगले, मधे कमरेच्या वर येईल एवढी विटांची भिंत. एका बाजूला कुलकर्णी काकू, निवृत्त शिक्षिका. वरच्या खोलीत त्यांनी कॉट बेसिसवर दोन विद्यार्थिनी ठेवल्या आहेत. दुसऱ्या बाजूला गायकवाड. वहिनींच्या घरगुती मसाल्यांना मागणी वाढली, म्हणून त्यांनी मिरची-मसाला कांडप यंत्र घेतलं आणि ते ठेवायला भिंतीलगत पत्र्याची शेड बांधली.

काकूंच्या तक्रारी चार. शेडच्या पत्र्याची कड भिंत ओलांडून नऊ इंच त्यांच्या बाजूला आली आहे. पत्र्याला लावलेल्या पन्हळीचं तोंड असं आहे, की पावसाचं सगळं पाणी काकूंच्या अंगणात पडतं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल धरली आहे. कांडप सकाळी सातला सुरू होतं ते दिवेलागणीपर्यंत चालतं. धडधड वेगळी आणि मिरचीचा ठसका वेगळा. चौथी अशी, की काकू लेकीकडे नाशिकला गेल्या असताना गायकवाडांच्या गवंड्यांनी काकूंच्या अंगणात परांची उभी करून शेडच्या मागच्या बाजूला गिलावा केला.

गायकवाडही गप्प बसणारे नाहीत. त्यांचं म्हणणं, काकूंच्या आंब्याच्या फांद्या आमच्या शेडवर आल्यात, त्याचं काय?

पाचही गोष्टी 'त्रास' आहेत. पण कायद्याच्या नजरेतून त्या एका रांगेत बसत नाहीत.

## आधी विचारायचं: हद्द कशी ओलांडली?

इंग्लंडमध्ये १७२५ साली रेनॉल्ड्स विरुद्ध क्लार्क नावाचा खटला झाला, आणि योगायोग असा की तो पन्हळीचाच होता. एकाने आपल्या घराला पन्हळ बसवली आणि तिचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाऊ लागलं. शेजाऱ्याने अतिक्रमणाचा दावा लावला. न्यायालयाने तो त्या स्वरूपात मान्य केला नाही. पन्हळ बसवणं हे कृत्य एक, आणि पुढे कधीतरी पाऊस पडून पाणी वाहत जाणं हा त्याचा परिणाम. परिणामाबद्दल दाद मागता येते, पण दुसऱ्या प्रकारच्या दाव्यात.

याच खटल्यात न्यायमूर्ती फॉर्टेस्क्यू यांनी दिलेलं उदाहरण आजही विधी महाविद्यालयात शिकवलं जातं. रस्त्यावर ओंडका फेकला आणि तो पडता-पडता कुणाला लागला, तर ते थेट कृत्य. ओंडका पडून राहिला आणि नंतर कुणीतरी त्याला अडखळून पडलं, तर ते परिणामाने झालेलं नुकसान. रंगपंचमीला कुणी तुमच्यावर बादली रिकामी केली, आणि कुणी सांडून ठेवलेल्या रंगाच्या पाण्यावरून तुम्ही घसरलात, यात जो फरक, तोच हा.

पुढे उपद्रवाचा कायदा स्वतंत्रपणे बराच फोफावला, पण मूळ कसोटी तीच राहिली. माणूस किंवा वस्तू थेट तुमच्या ताब्यातल्या जागेत शिरली किंवा ठेवली गेली, तर अतिक्रमण. शेजारी आपल्याच जागेत काही करतो आणि त्यातून आवाज, धूर, वास, हादरा, पाणी अशी कुठलीतरी गोष्ट तुमच्याकडे येऊन जागेचा उपभोग बिघडवते, तर उपद्रव. किती त्रास झाला हा प्रश्न यानंतरचा. बहुतेक लोक नेमके उलट्या क्रमाने जातात: ज्याचा जास्त त्रास, ती तक्रार जास्त भक्कम असं धरून चालतात. काकूंचंच बघा. ठसक्याने त्यांचा जीव नकोसा झालाय आणि पत्र्याच्या कडेकडे त्यांचं फारसं लक्षही नाही. कोर्टात मात्र पत्र्याची बाजू सोपी आहे आणि ठसक्याची अवघड.

## नऊ इंच पत्रा: नुकसान नाही, तरी दावा उभा

अतिक्रमणात नुकसान सिद्ध करावं लागत नाही. जागा माझ्या ताब्यात आहे आणि माझ्या संमतीशिवाय तुझी वस्तू तिथे आली, एवढ्यावर दावा उभा राहतो. हा कडकपणा अनेकांना अति वाटतो. मला तो रास्त वाटतो. 'काही बिघडलं का?' असा प्रश्न कायद्याने विचारायला सुरुवात केली, तर हद्दीची प्रत्येक रेषा दरवर्षी दोन इंच सरकेल आणि प्रत्येक वेळी सरकवणारा हेच विचारेल.

पण पत्रा तर हवेत आहे, जमिनीला टेकलेला नाही. हा आक्षेप इंग्लंडमध्ये १९५७ साली केल्सन विरुद्ध इम्पीरियल टोबॅको या खटल्यात निकाली निघाला. एका दुकानाच्या छपरावरच्या हवेत शेजारच्या इमारतीवरची जाहिरातीची पाटी काही इंच आली होती. दुकानदाराला तिचा काडीचाही त्रास नव्हता. तरी न्यायालयाने ते अतिक्रमण ठरवलं आणि पाटी काढायला लावली. जमिनीचा ताबा असलेल्याला तिच्या वरच्या हवेचाही हक्क असतो, निदान जिथवर तो ती जागा वापरेल तिथवर. अगदी आकाशापर्यंत मात्र नाही. १९७८ सालच्या बर्नस्टाइन खटल्यात घरावरून काहीशे फूट उंचीवरून गेलेल्या विमानाने फोटो काढले होते. ते अतिक्रमण ठरलं नाही.

गायकवाड म्हणतील, 'भिंत आमचीच असं आम्हाला वाटत होतं, मुद्दाम केलेलं नाही.' अतिक्रमणात हा बचाव चालत नाही. पत्रा तिथे बसवायचा हे त्यांनी ठरवून केलं, तेवढा हेतू पुरतो. जागा कुणाची याबद्दल प्रामाणिक गैरसमज होता, म्हणून कृत्य पुसलं जात नाही.

सगळं घोडं अडतं ते हद्द सिद्ध करण्यावर. पुण्यात लोक भिंतीलाच हद्द मानतात आणि इथेच पहिली गफलत होते. भिंत कुणीतरी कधीतरी अंदाजाने बांधलेली असते. हद्द असते नगर भूमापनाच्या नकाशावर. काकूंनी मालमत्ता पत्रक काढून भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करायला हवा. मोजणीदार येऊन खुणा करतो आणि नंतर नकाशाची प्रत मिळते, जिला सगळे 'क प्रत' म्हणून ओळखतात. मोजणीत भिंतच काकूंच्या हद्दीत एक फूट आत आहे असं निघालं, तर पत्रा नऊ इंच नाही, एकवीस इंच आत आहे. उलट निघालं आणि भिंतीच्या काकूंकडच्या बाजूचं एक फूट गायकवाडांचं ठरलं, तर काकूंची ही तक्रारच संपते. म्हणून वकिलाची नोटीस मोजणीनंतर पाठवावी. आधी पाठवून नंतर तोंडघशी पडण्यात अर्थ नाही. मोजणीवरच वाद झाला, तर न्यायालय स्वतः कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी करून घेऊ शकतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याची सोय आहे.

परांचीचं उत्तर तर आणखी सरळ आहे. माणसं काकूंच्या अंगणात शिरली, बांबू उभे केले आणि संमती कुणाचीच नव्हती. एक फूलझाड मोडलं नसलं तरी ते अतिक्रमण. यात भरपाई मात्र नाममात्र मिळेल; एवढ्यासाठी कुणी कोर्टाची पायरी चढू नये. काकू घरी असत्या आणि 'या, करा' म्हणाल्या असत्या, तर हेच कृत्य निर्दोष ठरलं असतं. संमतीची मुदत आणि जागा ठरलेली असेल, तर तिच्या पलीकडे गेलं की पुन्हा अतिक्रमण.

## ठसका: इथे 'किती' हा प्रश्न सुटत नाही

कांडप यंत्र गायकवाडांच्या जागेत आहे. त्यांना व्यवसाय करायचा हक्क आहे, काकूंना शांतपणे राहायचा. दोन्ही हक्क खरे असल्यामुळे न्यायालयाला तोलावं लागतं, आणि म्हणून उपद्रवात नुसतं 'आवाज येतो' म्हणून भागत नाही. तो आवाज, तो ठसका साध्या, सरासरी माणसाच्या राहण्यात ठळक बाधा आणतो आणि शेजारधर्मात सोसायच्या मर्यादेपलीकडचा आहे, हे दाखवावं लागतं.

तोलताना पाहिलं जातं ते असं. किती वेळ चालतं? उन्हाळ्यात एकदा वर्षाचा मसाला कुटला, तर कुठलंही न्यायालय हात घालणार नाही. रोज दहा-बारा तास, वर्षभर, हा मामला वेगळा. परिसर कसला आहे? मार्केट यार्डाच्या गल्लीत जे चालतं ते बंगल्यांच्या सोसायटीत चालेलच असं नाही. शिवाय गायकवाडांना तोच धंदा कमी त्रासात करता आला असता का, हेही बघितलं जातं. यंत्राखाली रबराचं बूड, खोली बंदिस्त, धूळ ओढून घेणारा पंखा उलट्या दिशेला, वेळ नऊ ते पाच, असे साधे उपाय टाळले असतील तर ते त्यांच्या विरुद्ध जातं.

आपल्याकडचे दोन निकाल इथे अगदी उपयोगी आहेत, दोन्ही अलाहाबाद उच्च न्यायालयाचे. १९७८ साली नोंदल्या गेलेल्या राधेश्याम विरुद्ध गुरुप्रसाद खटल्यात पिठाच्या गिरणीचा आवाज हा विषय होता. परिसर आधीच गजबजलेला आहे, हा बचाव न्यायालयाने पुरेसा मानला नाही; असलेल्या गोंगाटात घातलेली ठळक भरही उपद्रव ठरू शकते. दुसरा १९८२ चा, डॉ. रामराज सिंह विरुद्ध बाबूलाल. डॉक्टरांच्या दवाखान्याशेजारी विटा दळण्याचं यंत्र आलं. धूळ तपासणीच्या खोलीत येऊन लोकांच्या कपड्यांवर लालसर थर बसायचा. यंत्र बंद करण्याची मनाई डॉक्टरांना मिळाली. विटांच्या जागी लाल मिरची ठेवली की काकूंचं प्रकरण याच्या बरंच जवळ येतं.

पण काकूंच्या बाजूलाही एक भोक आहे. समजा त्यांना दमा आहे आणि बाकीच्या घरांना फारसा त्रास होत नाही. १८८९ च्या रॉबिन्सन विरुद्ध किल्व्हर्ट खटल्यात खालच्या मजल्यावरच्या उष्णतेने वरच्या मजल्यावरचा एक खास नाजूक कागद खराब झाला होता. साधा कागद खराब झाला नसता, म्हणून दावा फेटाळला गेला. म्हणजे काकूंनी दाव्यात 'मला दमा आहे' यावर सगळा भर दिला, तर त्या स्वतःचीच बाजू कमकुवत करतील. दमा नसलेल्या माणसालाही तिथे डोळे चोळत बसावं लागतं, हे त्यांना दाखवायला हवं. त्यासाठी बाजूच्या तिसऱ्या घरातल्या माणसाची साक्ष डॉक्टरच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त कामाची. सोबत साधी वही: तारीख, यंत्र किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं, खिडक्या बंद कराव्या लागल्या का. हे रोजच्या रोज लिहिलेलं असावं. दाव्याच्या आदल्या रात्री एका शाईने लिहून काढलेली वही उलटतपासणीत टिकत नाही.

आवाजाचं मोजमापही द्यावं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ती ओलांडली म्हणजे उपद्रव आपोआप सिद्ध होतो असं नाही, आणि पाळली म्हणून गायकवाड आपोआप सुटतात असंही नाही. न्यायाधीशांच्या तराजूत टाकायचं ते एक वजन आहे.

सूड म्हणून रोज दुपारी भिंतीपाशी स्पीकर लावण्याचा सल्ला काकूंना त्यांचा भाचा देईल. तो मोडून काढावा. १८९३ च्या क्रिस्टी विरुद्ध डेव्ही खटल्यात संगीत शिकवणाऱ्या कुटुंबावर चिडून शेजारी भिंतीवर ठोकत, शिट्ट्या मारत, ट्रे बडवत असे. मनाई हुकूम निघाला तो त्या शेजाऱ्यावर. संगीताचे वर्ग वाजवी ठरले. केवळ छळण्यासाठी केलेला आवाज ठरला नाही.

## 'आम्ही आधीपासून करतोय, तुम्हाला आत्ताच कसं टोचलं?'

हा गायकवाडांचा सगळ्यात आवडता युक्तिवाद असणार, म्हणून त्याला थोडी जागा देतो. समजा कांडप पंचवीस वर्षं चालू आहे आणि काकूंनी तो बंगला गेल्याच वर्षी घेतला. मग तक्रार करायचा हक्क गेला का? नाही. इंग्लंडमधला स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन, १८७९. मिठाई बनवणाऱ्याचे खलबत्ते वीस वर्षांहून जास्त काळ चालू होते. मागच्या बाजूच्या डॉक्टरने बागेच्या टोकाला तपासणीची खोली बांधली आणि मग तो आवाज असह्य झाला. मिठाईवाला हरला. 'तुम्ही त्रासाजवळ राहायला आलात' हा बचाव मान्य झाला नाही.

पण वीस वर्षांचं काय? आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ मध्येही वीस वर्षांची अट आहे: उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून, खंड न पडता वीस वर्षं उपभोग घेतला, तर दुसऱ्याच्या जमिनीवर ठरावीक हक्क लागू होऊ शकतो. स्टर्जेसच्या निकालातली मेख अशी, की घड्याळ यंत्र सुरू झालं त्या दिवसापासून चालत नाही, शेजाऱ्याला त्याचा उपद्रव होऊ लागला त्या दिवसापासून चालतं. डॉक्टरची खोली नव्हती तोवर उपद्रवच नव्हता, मग हक्क साठणार कशावर?

## पन्हळीचं पाणी

आता ते तीनशे वर्षांपूर्वीचं कोडं सहकारनगरच्या अंगणात. पन्हळीचं तोंड काकूंच्या हद्दीत आलं असेल, तर ती पन्हळ अतिक्रमण आहे, पत्र्यासारखंच. पन्हळ गायकवाडांच्या हद्दीत असून पाणी मात्र इकडे येत असेल, तर तो उपद्रव. एकाच नळीचे दोन तुकडे दोन सदरांत जाऊ शकतात, आणि चांगला वकील दावा लिहिताना ते दोन्ही वेगवेगळे मांडतो. एक कोसळलं तर दुसरं उभं राहतं.

पाण्याच्या बाबतीत काकूंना एक फायदा आहे जो ठसक्याला नाही. १८६५ च्या सेंट हेलेन्स खटल्यात तांबं वितळवण्याच्या कारखान्याच्या धुराने शेजारच्या मालकाची झाडं गेली होती. न्यायालयाने तेव्हा फरक केला: नुसती गैरसोय असेल तर परिसर कसा आहे ते पाहायचं, पण मालमत्तेचं प्रत्यक्ष नुकसान झालं असेल तर 'हा भागच असा आहे' हे उत्तर चालणार नाही. स्वयंपाकघराची भिंत फुगून गिलावा सुटतोय, हे प्रत्यक्ष नुकसान आहे. त्याचे फोटो पावसाआधीचे आणि नंतरचे, दोन्ही हवेत. ओल काकूंच्याच गच्चीच्या गळतीची आहे असं गायकवाड म्हणणारच, म्हणून ओल कुठून येते याबद्दल एखाद्या स्थापत्य अभियंत्याचं लेखी मत घेणं शहाणपणाचं.

## काकूंचा आंबा

वाढत-वाढत पलीकडे गेलेली फांदी कुणी 'ठेवलेली' नसते. म्हणून जुन्या निकालांनी तिला अतिक्रमणापेक्षा उपद्रवात बसवलं. १८९४ च्या लेमन विरुद्ध वेब खटल्यात ठरलं, की शेजाऱ्याच्या जागेत पाय न ठेवता आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या स्वतः छाटता येतात, आणि पूर्वसूचनाही लागत नाही. हे वाचून गायकवाड लगेच कोयता काढतील. त्यांनी थांबावं. महाराष्ट्रात नागरी भागासाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणंही येतं. पुण्यात फांद्या छाटायच्या तर महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी काढावी लागते. शेजाऱ्याविरुद्धचा हक्क आणि झाडाविषयीची परवानगी हे दोन वेगळे दरवाजे आहेत. पहिला उघडा असला म्हणून दुसरा ढकलायचा नाही.

छाटलेल्या फांदीवरच्या कैऱ्या? इंग्लंडमध्ये १९१९ साली सफरचंदांवरून हाच वाद झाला. फळं झाडाच्या मालकाची ठरली. गायकवाडांनी लोणचं घालण्याआधी विचारलेलं बरं.

## मग पोलीस 'दिवाणी' का म्हणतात?

कारण फौजदारी कायद्यातलं अतिक्रमण वेगळं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेच्या कलम ४४१ प्रमाणेच, गुन्हा करण्याच्या, धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा सतावण्याच्या उद्देशाने शिरलेलं असावं लागतं. गिलावा करायला आलेल्या गवंड्यात तो उद्देश शोधणं कठीण. पत्र्यात तर माणूसच शिरलेला नाही.

उपद्रवाचंही तसंच. संहितेच्या कलम २७० मधला सार्वजनिक उपद्रव हा लोकसमूहाला किंवा आसपासच्या सर्वसाधारण लोकांना होणारा त्रास असतो. ठसका गल्लीभर जात असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एकट्या काकूंच्या स्वयंपाकघरापुरता असेल, तर तो खासगी उपद्रव आणि रस्ता शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयाचा. शेड विनापरवाना आहे ही तक्रार महापालिकेकडे स्वतंत्रपणे करता येते, पण तिथे काकूंना भरपाई मिळत नाही.

## वरच्या खोलीतल्या मुली दावा करू शकतात का?

परीक्षेच्या तोंडावर धडधडीचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होत असेल. तरी खासगी उपद्रवाचा दावा त्यांचा होत नाही. १९९७ च्या हंटर विरुद्ध कॅनरी व्हार्फ या निकालात ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहाने सांगितलं, की हे अपकृत्य जमिनीविरुद्धचं आहे. जागेत ज्याचा हक्क आहे, मालक किंवा भाडेकरू, त्यानेच यावं. कॉट बेसिसवर राहणाऱ्याला केवळ राहायची परवानगी असते. कुणी बंगला रीतसर भाड्याने घेतला असता, तर भाडेकरू स्वतः दोन्ही प्रकारचे दावे करू शकला असता, कारण अतिक्रमणही ताब्याविरुद्ध असतं, मालकीविरुद्ध नसतं. काकू मालक आहेत आणि राहतातही, त्यामुळे त्यांना अडचण नाही. मुलींनी साक्ष मात्र जरूर द्यावी.

## हातात काय पडतं, आणि कधीपर्यंत

पत्र्याबाबत काकू १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याखाली आज्ञार्थक मनाई मागतील, म्हणजे 'काढून टाका' असा आदेश. इथे गायकवाड म्हणतील, 'पैसे घ्या आणि राहू द्या.' १८९५ च्या शेल्फर खटल्यात यासाठी कसोटी दिली होती: हानी किरकोळ, पैशात मोजता येणारी, थोड्या रकमेने भरून निघणारी आणि मनाई दिल्यास प्रतिवादीवर अन्याय होणारा, या चारही गोष्टी जुळल्या तरच मनाईऐवजी भरपाई. नऊ इंच पत्रा कापायला फॅब्रिकेटरला एक दुपार लागते, यात गायकवाडांवर अन्याय कसला? चार मजली इमारतीचा खांब चार इंच आत आला असता, तर गणित बदललं असतं.

कांडपाबाबत न्यायालय बहुधा यंत्र उखडायला लावणार नाही. वेळ, बंदिस्त खोली, धूळ ओढण्याची सोय अशा अटी घालून मनाई देणं जास्त संभवतं, आणि मला तेच योग्य वाटतं. वहिनींचा धंदा बुडवणं हा काकूंचा हेतू नाही.

मुदतीत दोन आकडे महत्त्वाचे. अतिक्रमणाच्या भरपाईला १९६३ च्या मुदत कायद्यात तीन वर्षं आहेत. चालू राहणाऱ्या अपकृत्याला कलम २२ लागतं: ते चालू आहे तोवर रोज नवी मुदत सुरू होते. ठसका आणि पाणी यात आरामात बसतात. पण गायकवाडांनी भिंतच सरकवून काकूंची फूटभर जमीन आत घेतली असती, तर ताबा मागायला बारा वर्षं, आणि ती गेली की जमिनीवरचा हक्कही जातो. शिवाय डोळ्यांदेखत चाललेल्या गोष्टीला मूक संमती दिलेल्याला मनाई नाकारता येते, असं विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ४१ सांगतं. म्हणून शेडचा सांगाडा उभा राहत असतानाच काकूंनी रजिस्टर पोस्टाने एक पत्र पाठवायला हवं होतं, आणि पाठवलं नसेल तर मोजणीचा अर्ज याच आठवड्यात करावा.